एका वेळी किती माल मागवावा? स्वस्ताईचा हिशेब आणि विकलनाचे गणित

पुणे – भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे छोटे पंप तयार करणाऱ्या एका कारखानदाराची ही हकिगत आहे. पंपाला लागणारी बेअरिंग ते दर महिन्याला एक हजार या बेताने मागवीत असत. एके दिवशी पुरवठादाराने त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला, की एकदम तीन महिन्यांचा माल उचललात, तर दरात एक टक्का सूट देऊ. वर्षाला चोवीस लाखांची खरेदी, तिच्यावर एक टक्का म्हणजे चोवीस हजार रुपये सरळ हातात. टेम्पोच्या खेपाही कमी होणार. कारखानदाराने आनंदाने होकार दिला. मात्र दोन तिमाह्या उलटल्यानंतर बँकेतील कॅश क्रेडिटची मर्यादा सतत काठोकाठ भरलेली दिसू लागली, कामगारांचे पगार दोनदा लांबले आणि मांडणीवर बेअरिंगची खोकी मात्र छतापर्यंत रचलेली होती. 'सूट मिळाली, मग पैसा गेला कुठे?' हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर बारावीच्या गणितात शिकविल्या जाणाऱ्या विकलनात दडलेले आहे. व्यवस्थापनशास्त्रात ते 'इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी', थोडक्यात 'ईओक्यू', या नावाने ओळखले जाते. आपण तिला 'किफायतशीर मागणीसंख्या' म्हणू. वर उल्लेखिलेल्या कारखान्याच्याच आकड्यांवर, सोयीसाठी ते पूर्णांकात घेऊन, हे गणित कसे मांडतात आणि ते कोठे फसते, हे पाहू.

परस्परविरोधी दोन खर्च

माल मागविण्याशी निगडित असे दोन खर्च असतात आणि त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात.

पहिला मागणीखर्च. प्रत्येक वेळी ऑर्डर दिली, की टेम्पोचे भाडे, हमाली, आलेल्या मालाची मोजदाद व तपासणी, चलन-बिलांची नोंद आणि धनादेशाची व्यवस्था हे सारे करावे लागते. माल शंभर नग असो वा हजार, हा खर्च जवळपास तेवढाच राहतो. आपल्या कारखान्यात तो एका ऑर्डरमागे ६०० रुपये निघाला. साहजिकच, थोडा थोडा माल वारंवार मागविला तर हा खर्च वाढतो.

दुसरा साठवणखर्च. मांडणीवर पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. त्यावर बँकेचे व्याज चढते. त्याशिवाय विमा, जागा, गंज, मोडतोड आणि पंपाचा नमुना बदलल्यास निरुपयोगी ठरणारे नग यांचा भार असतो. व्याज सुमारे बारा टक्के आणि बाकीचे सारे मिळून आठ टक्के, असा मालाच्या किमतीच्या वीस टक्के वार्षिक साठवणखर्च येथे धरला आहे. एक बेअरिंग २०० रुपयांचे, म्हणजे ते वर्षभर ठेवण्याचा खर्च ४० रुपये. एका वेळी जास्त माल मागविला, की हा खर्च फुगतो.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा लागतो. एका वेळी एक हजार नग आणले, म्हणून वर्षभर एक हजार नग पडून असतात असे नाही. माल आला त्या दिवशी एक हजार, मग रोजच्या वापराने घटत घटत शून्य, पुन्हा एक हजार, असा हा क्रम चालतो. त्याचा आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. वापर एकसारखा असेल, तर सरासरी साठा बरोबर निम्मा, म्हणजे पाचशे नगांचा भरतो. साठवणखर्च या सरासरीवर मोजायचा.

आता हिशेब सोपा झाला. कारखान्याची वार्षिक गरज १२,००० बेअरिंगची आहे. दरमहा एक हजार मागविली तर वर्षात बारा ऑर्डर होतात. मागणीखर्च ७,२०० रुपये, साठवणखर्च पाचशे गुणिले चाळीस म्हणजे २०,००० रुपये, एकूण २७,२०० रुपये. हीच बेअरिंग वर्षातून पन्नास वेळा, २४० नगांच्या हप्त्याने मागविली, तर साठवणखर्च ४,८०० रुपयांवर उतरतो, परंतु मागणीखर्च ३०,००० रुपयांवर जातो आणि एकूण ३४,८०० होतात. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी सर्वांत कमी खर्चाचा बिंदू असला पाहिजे, हे उघड आहे. तो नेमका कोठे, हे शोधण्यासाठी एकेक आकडा घेऊन चाचपडत बसण्याची गरज नाही.

विकलन काय सांगते?

वार्षिक गरज D, एका ऑर्डरचा खर्च S, एका नगाचा वार्षिक साठवणखर्च H आणि एका वेळी मागवायचे नग Q, अशी चार अक्षरे घेऊ. वर्षात D/Q इतक्या ऑर्डर होतील आणि सरासरी साठा Q/2 राहील. म्हणून एकूण वार्षिक खर्च T असा लिहिता येतो :

```
T = (D × S) / Q  +  (H × Q) / 2
```

Q वाढविला, की पहिले पद घटते आणि दुसरे वाढते. विकलनाचे काम एवढेच, की Q मध्ये अगदी थोडा, समजा एका नगाचा, फरक केला तर T किती बदलेल हे सांगणे. T चे Q च्या संदर्भात विकलन केले असता मिळते :

```
dT/dQ = − (D × S) / Q²  +  H / 2
```

या ओळीचा अर्थ रुपयांत वाचला, की गणिताची भीती उरत नाही. D × S हा गुणाकार आपल्या उदाहरणात ७२ लाख आहे आणि H/2 म्हणजे २० रुपये. समजा, आपण सध्या ३०० नग मागवितो. तीनशेचा वर्ग ९०,०००. त्याने ७२ लाखांना भागले असता ८० येतात. म्हणजे एक नग अधिक मागविल्यास मागणीखर्चात सुमारे ८० रुपये वाचतात आणि साठवणखर्चात २० रुपये वाढतात. निव्वळ बचत साठ रुपयांची, तेव्हा संख्या वाढविणे शहाणपणाचे. उलट १,२०० नग मागवीत असू, तर एका जादा नगाने वाचतात फक्त पाच रुपये आणि वाढतात वीस. येथे संख्या कमी करणे हिताचे.

जोवर वाचणारे रुपये अधिक आहेत तोवर पुढे जायचे आणि वाढणारे रुपये अधिक होऊ लागताच थांबायचे, हा व्यवहार आहे. थांबण्याची जागा म्हणजे जेथे दोन्ही समसमान होतात ती. यालाच गणिताच्या भाषेत विकलज शून्य होणे म्हणतात. वरची ओळ शून्याशी जुळविली, की सूत्र हाती येते :

```
Q = √(2 × D × S / H)
```

हा बिंदू सर्वांत कमी खर्चाचाच आहे, सर्वाधिक खर्चाचा नव्हे, याची खात्री दुसऱ्यांदा विकलन करून पटते. दुसरा विकलज 2DS/Q³ इतका येतो आणि Q धन असल्याने तो नेहमीच धन असतो. खर्चाचा आलेख म्हणजे तळाशी वळलेले एकच खोरे आहे, त्यात दुसरा खड्डा नाही.

आकडे घालून पाहू. दोन गुणिले १२,००० गुणिले ६०० म्हणजे एक कोटी ४४ लाख. त्याला ४० ने भागले असता ३,६०,००० आणि त्याचे वर्गमूळ ६००. म्हणजे कारखान्याने एका वेळी ६०० बेअरिंग, वर्षातून वीस वेळा मागविली पाहिजेत. मागणीखर्च १२,००० रुपये, साठवणखर्चही १२,००० रुपये आणि एकूण २४,००० रुपये. दोन्ही खर्च सारखे यावेत हा योगायोग नव्हे. या सूत्रात किमान बिंदूवर ते नेहमीच सारखे असतात. म्हणूनच कागद-पेन्सिल न घेताही एक खूण ओळखता येते : वर्षाचा साठवणखर्च मागणीखर्चापेक्षा बराच जास्त असेल, तर आपण एका वेळी गरजेपेक्षा अधिक मागवीत आहोत. उलट असेल, तर फार थोडे.

१९१३ सालचे सूत्र

हे सूत्र फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने फेब्रुवारी १९१३ मध्ये 'फॅक्टरी, द मॅगझिन ऑफ मॅनेजमेंट' या मासिकातील एका छोट्या लेखात मांडले. 'एका वेळी किती सुटे भाग तयार करावेत', असा त्या लेखाच्या मथळ्याचा आशय होता. हॅरिस यांच्यापुढे प्रश्न खरेदीचा नव्हता, तर कारखान्यातच बनणाऱ्या भागांचा होता. यंत्र एका कामासाठी जुळविण्यास खर्च येतो, तेव्हा एकदा जुळविल्यावर किती नग काढून घ्यावेत, हा तो प्रश्न. पुढे आर. एच. विल्सन यांनी १९३४ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये साठा-नियंत्रणाची पद्धत मांडली आणि अनेक पुस्तकांत हे सूत्र विल्सन यांच्याच नावावर चढले. हॅरिस यांचा मूळ लेख विस्मृतीत गेला होता. संशोधकांनी तो शोधून काढल्यावर १९९० साली 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकाने तो पुन्हा प्रसिद्ध केला.

सूट नेमकी कोठे फसली?

आता भोसरीच्या कारखानदाराकडे परत येऊ. एक टक्का सुटीनंतर बेअरिंगचा दर १९८ रुपये झाला. खरेदीत २४,००० रुपये वाचले, हे खरेच. पण एका वेळी तीन हजार नग आणल्याने सरासरी साठा दीड हजारांवर गेला. प्रत्येक नगाचा साठवणखर्च ३९ रुपये ६० पैसे, म्हणजे वर्षाला ५९,४०० रुपये. चार ऑर्डरचे २,४०० धरून एकूण ६१,८०० रुपये. पूर्वीच्या मासिक पद्धतीत हाच खर्च २७,२०० रुपये होता. म्हणजे ३४,६०० रुपये अधिक गेले आणि २४,००० रुपये वाचले. सूट घेऊनही वर्षाला १०,६०० रुपयांचा तोटा झाला आणि तो कोणत्याही बिलावर छापलेला नव्हता. तो व्याजात, विम्यात आणि गंजलेल्या खोक्यांत विखुरलेला होता.

पगार का लांबले, याचेही उत्तर यातच आहे. पूर्वी बेअरिंगमध्ये सरासरी एक लाख रुपये अडकलेले असत, आता जवळपास तीन लाख अडकू लागले. शिवाय प्रत्येक तिमाहीच्या आरंभी एकदम ५ लाख ९४ हजारांचे बिल अंगावर येऊ लागले. लहान कारखान्याच्या कॅश क्रेडिट खात्याला हा धक्का सोसवत नाही.

याचा अर्थ सूट नेहमीच नाकारावी असा नव्हे. मूळ सूत्रात मालाच्या किमतीचे पद नाही, कारण दर एकच असेल तर वर्षाची खरेदी किती हप्त्यांत केली याने तिच्या रकमेत फरक पडत नाही. पण दर संख्येवर अवलंबून असेल, तर ते पद हिशेबात घ्यावेच लागते. समजा, त्याच पुरवठादाराने दीड हजार नगांवर दोन टक्के सूट देऊ केली असती, तर दर १९६ रुपये झाला असता. नव्या दराने सूत्र ६०६ नग सांगते. परंतु तेवढ्यावर सूट नाही, म्हणून सुटीसाठी लागणारी किमान संख्या, म्हणजे दीड हजार, घेऊन तुलना करायची. आठ ऑर्डरचे ४,८०० आणि साठवणीचे २९,४०० मिळून ३४,२०० रुपये होतात. सहाशे नगांच्या पद्धतीपेक्षा हा खर्च १०,२०० रुपयांनी अधिक, पण खरेदीत वाचतात ४८,००० रुपये. निव्वळ लाभ ३७,८०० रुपयांचा. हा प्रस्ताव डोळे मिटून स्वीकारावा.

तीन हजार नगांच्या प्रस्तावासाठी हाच हिशेब उलटा मांडला, तर सूट किमान १.५६ टक्के असल्याखेरीज तो परवडत नाही असे निघते. पुरवठादाराशी बोलणी करताना हा एक आकडा खिशात असणे पुरेसे आहे.

थोडे इकडे-तिकडे चालते

ज्यांचे आकडे अंदाजाचे आहेत, त्यांना या सूत्राचा एक गुण विशेष उपयोगी पडतो. खर्चाच्या खोऱ्याचा तळ बराच सपाट आहे. सहाशेऐवजी पाचशे नग मागविले, तर एकूण खर्च २४,००० वरून केवळ २४,४०० होतो. आठशे मागविले तर २५,०००. पेटीत शंभर नग येतात किंवा टेम्पोत आठशे बसतात, म्हणून संख्या थोडी वर-खाली केल्याने काही बिघडत नाही. निम्मे किंवा दुप्पट केले, तर मात्र खर्च पंचवीस टक्क्यांनी वाढून ३०,००० रुपये होतो आणि पाचपट केले, तर आपल्या कारखानदारासारखी गत होते.

वर्गमूळामुळे चुकीच्या अंदाजाची धारही बोथट होते. समजा, ऑर्डरचा खरा खर्च ३०० रुपये असताना आपण तो ६०० धरला, म्हणजे शंभर टक्के चूक केली. तरीही प्रत्यक्ष खर्च किमान खर्चापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनीच अधिक येतो. याच वर्गमूळाचा दुसरा परिणाम असा, की विक्री चौपट झाली तर एका वेळची मागणी चौपट नव्हे, दुप्पट करायची. 'नेहमी एक महिन्याचा माल ठेवायचा' हा बाजारातील सरसकट नियम येथेच चुकतो.

तथापि, कोणते खर्च धरायचे यात झालेली गफलत महागात पडू शकते. भांडारपालाचा मासिक पगार वर्षातील ऑर्डरांच्या संख्येने भागून तो प्रत्येक ऑर्डरवर चढविण्याची चूक सर्रास होते. ऑर्डर वीस असोत वा बारा, पगार तेवढाच द्यावा लागतो, तेव्हा तो या हिशेबात येत नाही. ऑर्डरची संख्या बदलल्यावर जो खर्च खरोखर बदलतो, तोच S मध्ये धरावा. रिकामे पडलेल्या स्वतःच्या गोदामाचे भाडे H मध्ये घालू नये. पण जास्त मालासाठी वेगळा गाळा घ्यावा लागत असेल, तर ते भाडे अवश्य घालावे. अडकलेल्या पैशाचे व्याज मात्र कधीही विसरू नये. बँकेचे कर्ज नसेल, तरी तोच पैसा अन्यत्र काही मिळवू शकला असता.

किती हे कळले, केव्हा?

सूत्र 'किती' हे सांगते, 'केव्हा' हे सांगत नाही. त्यासाठी वेगळा हिशेब लागतो. वर्षात कामाचे तीनशे दिवस धरले, तर कारखान्यात रोज ४० बेअरिंग लागतात. ऑर्डर दिल्यापासून माल येण्यास कामाचे पाच दिवस लागत असतील, तर मांडणीवर २०० नग उरताच ऑर्डर गेली पाहिजे. पुरवठादार कधीमधी दोन दिवस उशीर करीत असेल, तर त्यासाठी ८० नगांची राखीव शिल्लक जोडून २८० वर ऑर्डर द्यावी. त्यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. २८० नग एका वेगळ्या पेटीत ठेवायचे आणि मोठी पेटी संपून या पेटीला हात लागला, की त्याच दिवशी ऑर्डर द्यायची, ही दोन पेट्यांची पद्धत अनेक कारखान्यांत सुखाने चालते.

सूत्राचे गृहीतक असे, की वापर वर्षभर एकसारखा आहे आणि माल टिकाऊ आहे. दिवाळीपूर्वी दोन महिन्यांत वर्षाची निम्मी विक्री करणाऱ्या दुकानदाराला वार्षिक सरासरीवर काढलेली संख्या हंगामात अपुरी आणि नंतर जड ठरेल. त्याने हंगामाचा आणि उरलेल्या वर्षाचा हिशेब वेगळा करावा. दूध, भाजी किंवा मुदतीची औषधे यांच्या बाबतीत तर टिकण्याची मुदत हीच खरी मर्यादा असते. सूत्राने तीन महिन्यांचा साठा सुचविला आणि औषधाची मुदत दोन महिन्यांत संपत असेल, तर सूत्र बाजूला ठेवावे.

शेवटी, ६०० रुपये हा ऑर्डरचा खर्च काही ब्रह्मवाक्य नव्हे. तो १५० रुपयांवर आणता आला, तर सूत्राप्रमाणे एका वेळची संख्या निम्मी, म्हणजे ३०० होते आणि वार्षिक खर्चही २४,००० वरून १२,००० वर येतो. जपानच्या टोयोटा कंपनीने नेमके हेच केले. पत्र्याला आकार देणाऱ्या दाबयंत्रांचे साचे बदलण्यास लागणारा वेळ तिने १९७०च्या सुमारास काही तासांवरून काही मिनिटांवर आणला. हॅरिस यांनी यंत्र जुळविण्याचा जो खर्च ठरीव धरला होता, तोच टोयोटाने कमी केला. त्यामुळे थोडे थोडे उत्पादन करणे परवडू लागले.

भोसरीच्या कारखानदाराने हा हिशेब कागदावर मांडल्यानंतर पुरवठादाराला कळविले, की एक टक्का सूट नको, सहाशे नग जुन्याच दराने पाठवा. शेजारच्या गाळ्यातील दुसरा कारखानदार त्याच पुरवठादाराकडून माल घेतो, हे लक्षात आल्यावर दोघांनी मिळून एकच टेम्पो बोलवायला सुरुवात केली आहे. भाडे वाटले गेल्याने ऑर्डरचा खर्च उतरला आणि आता सहाशेऐवजी पाचशे नग मागवावेत का, याचा हिशेब ते पुन्हा करीत आहेत.